फिनॉलची एक बाटली: कॉस्टिक सोडा, ब्रोमिन वॉटर आणि नायट्रिक ॲसिडसमोर

जळगाव-भुसावळकडच्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये मे महिन्यात फिनॉलची बाटली हातात घ्या, आत पाण्यासारखा द्रव हलताना दिसेल. तीच बाटली जानेवारीत दगडासारखी घट्ट असते. फिनॉल साधारण ४१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, म्हणून हा प्रकार. थोडा ओलावा शिरला असेल तर ते त्याहूनही कमी तापमानाला पातळ होतं. तेव्हा बाटली पातळ दिसली म्हणजे माल खराब झाला असं नाही. रंग गुलाबी किंवा लालसर झाला असेल तर हवेने थोडं ऑक्सिडेशन झालंय एवढंच समजा. साध्या परीक्षानळीतल्या टेस्टसाठी तेवढं चालतं, मोजमापासाठी चालत नाही.

बारावी आणि बीएस्सीला फिनॉलच्या तीन प्रतिक्रिया पाठ केल्या जातात: अल्कलीबरोबर क्षार, ब्रोमिन वॉटरबरोबर पांढरा साका, नायट्रिक ॲसिडबरोबर नायट्रोफिनॉल. पोरं त्या तीन वेगवेगळ्या ओळी म्हणून लिहितात. खरं तर तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे: ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी रिंगमध्ये उतरते. ती कशी उतरते आणि हायड्रोजन निघून गेल्यावर किती जास्त उतरते, हे नळीत डोळ्यांनी पाहता येतं. म्हणून प्रयोगांचा क्रम पुस्तकातल्यासारखा न ठेवता मी अल्कलीपासून सुरू करतो.

## आधी हात सांभाळा

फिनॉल कातडीला लागलं की पहिल्यांदा जळजळतं, मग तो भाग पांढरा पडतो आणि बधिर होतो. बधिर झाल्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं थांबलं, पण ते कातडीतून आत शिरतच असतं. ओल्या फडक्याने पुसत बसू नका, त्याने ते आणखी पसरतं. लॅबमध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल ४०० असेल तर त्यात भिजवलेल्या कापसाने पुन्हा पुन्हा पुसा. नसेल तर नळाखाली भरपूर वाहतं पाणी, निदान पंधरा मिनिटं, आणि मग थेट डॉक्टर. घट्ट झालेलं फिनॉल चमच्याने खरवडून काढायच्या भानगडीत पडू नये, तुकडा उडून डोळ्यात जातो. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, वितळल्यावर ड्रॉपरने घ्या. ब्रोमिनसाठी सोडियम थायोसल्फेटचं ५ टक्के द्रावण चंचुपात्रात भरून टेबलावर आधीच तयार ठेवा. सांडलेल्या आणि उरलेल्या ब्रोमिनचा रंग त्यात टाकल्याबरोबर जातो.

## पहिली नळी: कॉस्टिक सोडा

परीक्षानळीत साधारण १ ग्रॅम फिनॉल घ्या आणि त्यात ५ मिली पाणी घालून हलवा. एवढं फिनॉल एवढ्या पाण्यात मावत नाही. साध्या तापमानाला १०० मिली पाण्यात आठ-सव्वाआठ ग्रॅमच विरघळतं. त्यामुळे नळी दुधासारखी गढूळ होते आणि थोडा वेळ ठेवली तर खाली तेलकट थर बसतो. आता १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाका आणि हलवत राहा. चार-सव्वाचार मिली पडेपर्यंत नळी पूर्ण स्वच्छ झालेली असते. सगळ्या फिनॉलला पुरेल एवढं कॉस्टिक हिशोबाने तेवढंच येतं: १ ग्रॅम फिनॉल म्हणजे १०.६ मिलिमोल, आणि १० टक्के कॉस्टिकच्या प्रत्येक मिलीत साधारण २.५ मिलिमोल. फिनॉलचं सोडियम फिनॉक्साइड झालं, तो क्षार आहे आणि पाण्यात सहज विरघळतो.

C₆H₅OH + NaOH → C₆H₅ONa + H₂O

त्याच नळीत आता सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड टाका. पुन्हा दूध. फिनॉल जसंच्या तसं परत आलं.

इथे उन्हाळ्यात एक फसगत होते. पाणी आणि फिनॉल ६६ अंशांच्या वर एकमेकांत पूर्ण मिसळतात, कॉस्टिक असो वा नसो. कोणी घाईने नळी बर्नरवर धरली आणि ती स्वच्छ झाली, तर त्यात अल्कलीचा काही संबंध नाही. नळी नळाच्या पाण्याखाली धरा. पुन्हा गढूळ झाली तर नुसती उष्णता होती, स्वच्छ राहिली तर फिनॉक्साइड झालंय.

दुसरी नळी सोडियम बायकार्बोनेटची करा. बुडबुडे येत नाहीत आणि गढूळपणाही जात नाही. फिनॉलचा पीकेए १० आहे, कार्बोनिक ॲसिडचा ६.३५. फिनॉल एवढं दुबळं ॲसिड आहे की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड हुसकावून लावायची ताकद त्याच्यात नाही. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात मात्र ते बुडबुडे न येता विरघळतं, कारण कार्बोनेटला एक हायड्रोजन देऊन त्याचं बायकार्बोनेट करण्याइतपत जोर त्याच्यात आहे. तोंडी परीक्षेत बरेच जण ‘कार्बोनेटबरोबर प्रतिक्रिया नाही’ असं ठोकून देतात. नळी करून पाहिली असती तर दिलं नसतं.

आता प्रश्न असा: अल्कोहोलमध्येही OH आहे, मग इथेनॉल कॉस्टिकला दाद का देत नाही? इथेनॉलचा पीकेए १६ च्या जवळ आहे. म्हणजे आम्लपणात फिनॉल त्याच्यापेक्षा जवळपास दहा लाख पट पुढे. इथेनॉलचा हायड्रोजन काढला की राहिलेला ऋणभार एकट्या ऑक्सिजनवर अडकून पडतो. फिनॉलचा काढला की तो भार रिंगमध्ये पसरतो, दोन्ही ऑर्थो कार्बनवर आणि एका पॅरा कार्बनवर. पसरलेला भार सांभाळणं सोपं, म्हणून हायड्रोजन सोडणंही सोपं. पण हा भार रिंगच्या तीन कार्बनवर जाऊन बसतो याचा दुसरा अर्थ असा की ते तीन कार्बन बाहेरून येणाऱ्या धनभारित पाहुण्यासाठी दार उघडं ठेवून बसलेत. फिनॉलचं आम्ल असणं आणि रिंगचं चपळ असणं ही दोन वेगवेगळी प्रकरणं नाहीत.

## रिंग एवढी का चिडते

बेंझीनमध्ये ब्रोमिन टाकलं तर काही होत नाही. लोखंडाचा कीस किंवा FeBr₃ टाकून ब्रोमिनला ओढाताण करून धनभारित करावं लागतं, तेव्हा एक ब्रोमिन कसाबसा लागतो. फिनॉलला यातलं काहीच लागत नाही.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढणारा आहे, हे नववीपासून सांगितलेलं असतं, मग तो रिंगला इलेक्ट्रॉन देतो कसा? दोन्ही एकाच वेळी चालतं. C–O या एकेरी बंधातून तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो. पण त्याच्यावरची न वापरलेली जोडी रिंगच्या पाय-इलेक्ट्रॉनच्या पातळीत असते, आणि त्या वाटेने तो देतो. देणं खेचण्यावर भारी पडतं.

याचा खरा हिशोब मधल्या टप्प्यावर होतो. ब्रोमिन रिंगच्या एका कार्बनला चिकटला की रिंगची सुगंधी व्यवस्था क्षणभर मोडते आणि तिच्यावर एक धनभार येतो. ब्रोमिन पॅराला किंवा ऑर्थोला लागला असेल तर तो धनभार फिरत फिरत बरोबर त्या कार्बनवर येतो ज्याला ऑक्सिजन जोडलेला आहे. मग ऑक्सिजन आपली जोडी देऊन तो भार स्वतःवर घेतो, आणि अशी रचना तयार होते की तिच्यात प्रत्येक कार्बन-ऑक्सिजनचं अष्टक पूर्ण असतं. मेटाला लागला तर भार त्या कार्बनवर कधीच पोचत नाही, ऑक्सिजन नुसता बघत राहतो. वहीत तिन्ही जागांच्या रेझोनन्स रचना एकदा स्वतः काढा. ऑर्थो आणि पॅराला चार येतात, मेटाला तीनच, आणि ती चौथी रचनाच सगळं काम करते.

फिनॉक्साइडमध्ये तर ऑक्सिजनवर आधीच पूर्ण ऋणभार आहे. तिथे ब्रोमिन लागल्यावर मधला टप्पा धनभारित राहतच नाही, तो उदासीन कीटोन होतो. चढण जवळपास सपाटच. म्हणून फिनॉक्साइड फिनॉलपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने ब्रोमिन पकडतं. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढची नळी बघा.

## ब्रोमिन वॉटर: तीन का, एक का नाही

फिनॉलचं १ टक्का द्रावण करा, म्हणजे १ ग्रॅम १०० मिली पाण्यात. त्यातलं १ मिली परीक्षानळीत घ्या आणि ब्रोमिन वॉटर थेंबथेंब टाका. पहिल्या थेंबाला पांढरा ढग उठतो आणि हलवल्यावर विरघळून जातो. इथेच बरेच विद्यार्थी ‘साका आला नाही’ असं लिहून नळी धुऊन टाकतात. टाकत राहा. ब्रोमिन पुरेसं झालं की साका टिकतो, घट्ट पांढरा, दह्यासारखा. शेवटी द्रावणाला ब्रोमिनचा फिका पिवळा रंग राहिला पाहिजे, तोच पुरेसं टाकल्याचा पुरावा.

C₆H₅OH + 3Br₂ → C₆H₂Br₃OH + 3HBr

पुरेसं म्हणजे किती? १ मिलीत १० मिलिग्रॅम फिनॉल, म्हणजे ०.१०६ मिलिमोल. त्याच्या तिप्पट ब्रोमिन लागतं, ०.३१९ मिलिमोल, म्हणजे ५१ मिलिग्रॅम. ताज्या संपृक्त ब्रोमिन वॉटरच्या एका मिलीत साधारण ३५ मिलिग्रॅम ब्रोमिन असतं, तेव्हा दीड मिली लागायला हवं. तुमच्या नळीत पाच मिली टाकूनही साका टिकत नसेल तर फिनॉलला दोष देऊ नका, बाटलीकडे पाहा. ब्रोमिन ५९ अंशांना उकळतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सैल बुचाच्या बाटलीतून ते आठवड्याभरात निघून जातं. गडद तांबूस-नारिंगी असेल तर ठीक, लिंबाच्या सरबतासारखं दिसत असेल तर ते नावापुरतं ब्रोमिन वॉटर आहे.

त्यापेक्षा सरळ वाट म्हणजे ब्रोमिन गरजेपुरतं नळीतच तयार करायचं. एक लिटर पाण्यात २.७८३ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमेट आणि १५ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड विरघळवून ठेवा. हे ०.१ नॉर्मल द्रावण रंगहीन असतं, त्याला वास नाही आणि उन्हाळ्यातही ते टिकतं. वापरताना थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की ब्रोमिन सुटतं. वरच्या १ मिली फिनॉलला या द्रावणाचे साधारण साडेसहा मिली लागतात. द्रव ब्रोमिनची कुपी उघडायचा जीवघेणा कार्यक्रम कायमचा बंद होतो. माझ्या मते पदवीपर्यंतच्या लॅबमध्ये द्रव ब्रोमिन असूच नये.

आता मूळ प्रश्न. एक ब्रोमिन लागला की रिंग थोडी थंड व्हायला हवी, कारण ब्रोमिन इलेक्ट्रॉन खेचतो. मग दुसरा आणि तिसरा एवढ्या झटपट कसे लागतात? ‘OH फार सक्रिय करतो’ हे उत्तर अर्धवट आहे. उरलेलं उत्तर पीकेएमध्ये आहे. फिनॉलचा पीकेए १०, म्हणजे उदासीन पाण्यात हजारात एखादाच रेणू फिनॉक्साइड असतो. ऑर्थोला एक ब्रोमिन लागला की पीकेए ८.४ वर येतो. ऑर्थो आणि पॅरा दोन्ही भरले की आठाच्या खाली, आणि तीन लागले की ६ च्या आसपास. ब्रोमिन रिंगमधून इलेक्ट्रॉन खेचतो खरा, पण त्याच खेचण्यामुळे OH चा हायड्रोजन सुटायला सोपा होतो आणि फिनॉक्साइडचं प्रमाण वाढतं. एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने परत मिळतं. पाण्यात हे शक्य आहे, कारण सुटलेला हायड्रोजन धरायला पाणी आहे. म्हणून पाण्यात ब्रोमिन एकावर थांबत नाही.

ही गोष्ट खरी असेल तर पाणी काढून टाकल्यावर प्रतिक्रिया एकावर थांबली पाहिजे. तशी थांबतेच. कार्बन डायसल्फाइडसारख्या अध्रुवीय द्रावकात, थंड ठेवून, ब्रोमिन हळूहळू टाकलं की मुख्यतः पॅरा-ब्रोमोफिनॉल मिळतं आणि थोडं ऑर्थो. तिथे फिनॉक्साइड होत नाही, आणि ब्रोमिनच्या रेणूला ध्रुवीय करायलाही कोणी नाही. पॅरा जास्त मिळतं, कारण OH च्या शेजारची जागा अडचणीची आहे. मात्र हा प्रयोग खानदेशात मे महिन्यात कार्बन डायसल्फाइड वापरून करू नका. ते ४६ अंशांना उकळतं, त्याची वाफ अगदी सहज पेट घेते, आणि लॅबमध्ये तापमापी ४३ दाखवत असताना बाटलीचं बूच उडायला निमित्त लागत नाही. क्लोरोफॉर्म घ्या, नळी बर्फात ठेवा, धुराड्याखाली काम करा.

दुसऱ्या टोकाला जा आणि पाण्यातच ब्रोमिनचा मारा चालू ठेवा. पांढऱ्या साक्याला पिवळट छटा येते. विद्यार्थी समजतात की नुसतं ब्रोमिन चिकटलंय. खरं तर चौथा ब्रोमिन आधीच भरलेल्या पॅरा कार्बनवर येऊन बसलेला असतो. तिथे सोडायला हायड्रोजन नाही, त्यामुळे रिंगला आपली सुगंधी व्यवस्था परत मिळवता येत नाही आणि ती कीटोनच्या रूपातच अडकते. त्याचं नाव टेट्राब्रोमोसायक्लोहेक्साडायनोन. मघाशी म्हटलेला तो उदासीन मधला टप्पा कागदावर काढलेला असतो, हा त्याचाच भाऊबंद, पण बाटलीत भरता येईल असा.

पांढरा साका आला म्हणजे फिनॉलच, असं मात्र नाही. ॲनिलीनही ब्रोमिन वॉटरबरोबर तसाच साका देतं. फरक ओळखायला पहिली नळी कामाला येते: साका गाळून, धुऊन त्यावर कॉस्टिक टाका. ट्रायब्रोमोफिनॉल विरघळतं, ट्रायब्रोमोॲनिलीन जसंच्या तसं राहतं. सॅलिसिलिक ॲसिडही भरपूर ब्रोमिन वॉटरबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडून ट्रायब्रोमोफिनॉलच देऊन बसतं, पण ते बायकार्बोनेटला फसफसतं, फिनॉल फसफसत नाही. आणि हौसेने किराणा दुकानातलं काळं फिनाईल आणून टेस्ट करायची पद्धत सोडून द्या. ते डांबरातल्या फिनॉल-क्रेसॉलचं साबणात केलेलं मिश्रण असतं. नुसत्या पाण्यानेही ते पांढरं होतं, मग ब्रोमिनचा साका कुठला आणि पाण्याचा दुधाळपणा कुठला, कळायला मार्ग नाही. पांढऱ्या फिनाईलमध्ये तर बहुधा पाइन ऑइल असतं, फिनॉल नाहीच.

## एक नमुना मोजून पाहू

प्रतिक्रिया बरोबर तीन ब्रोमिनवर जाऊन थांबते, म्हणूनच तिच्यावर फिनॉल मोजता येतं. समजा एक लिटरमध्ये सुमारे १ ग्रॅम फिनॉल असलेलं द्रावण दिलंय. पिपेटने २५ मिली आयोडिन फ्लास्कमध्ये घ्या, त्यात ब्रोमेट-ब्रोमाइडचं ०.१ नॉर्मल द्रावण २५ मिली, मग ५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड. ॲसिड पडताच बूच लावा, हलवा आणि अर्धा तास अंधारात ठेवा. घाई इथे महागात पडते. फ्लास्कमधलं पाणी आता खूप आम्लधर्मी आहे, फिनॉक्साइड जवळजवळ नाही, तेव्हा शेवटचा ब्रोमिन लागायला वेळ द्यावा लागतो. बाहेर कडक ऊन असेल तर फ्लास्क थंड पाण्यात ठेवा, नाहीतर बूच काढताना ब्रोमिनची वाफ निसटते आणि निसटलेलं ब्रोमिन हिशोबात फिनॉलने खाल्लं असं धरलं जातं.

मग २० टक्के पोटॅशियम आयोडाइडचे ५ मिली टाका. उरलेलं ब्रोमिन आयोडिन सोडतं. ते ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च, मग निळा रंग जाईपर्यंत. फिनॉलऐवजी पाणी घेऊन हेच सगळं परत करा, तो ब्लँक.

ब्लँकला २४.९ मिली थायोसल्फेट लागलं आणि नमुन्याला ९.० मिली, तर फरक १५.९ मिली. एक फिनॉल तीन Br₂ म्हणजे सहा इलेक्ट्रॉनचा व्यवहार करतं, म्हणून ०.१ नॉर्मल द्रावणाचा प्रत्येक मिली ९४.११ ÷ ६ ÷ १० = १.५६९ मिलिग्रॅम फिनॉलच्या बरोबरीचा. १५.९ × १.५६९ = २४.९ मिलिग्रॅम. हे २५ मिलीत होतं, तेव्हा लिटरमध्ये ०.९९८ ग्रॅम.

तो पिवळा चौथ्या ब्रोमिनचा पदार्थ तयार झाला तर उत्तर चुकेल का? चुकत नाही. आयोडाइड टाकल्यावर तो चौथा ब्रोमिन सोडतो, आयोडिन देतो आणि परत ट्रायब्रोमोफिनॉल होतो. चुकतं ते दुसरीकडे: साक्याच्या गोळ्यांत आयोडिन अडकून राहतं आणि निळा रंग गेल्यावर पुन्हा पुन्हा उगवतो. त्यावर २ मिली क्लोरोफॉर्म टाकून जोरात हलवा, साका विरघळतो आणि अडकलेलं मोकळं होतं. ब्लँक दर वेळी ताजा करा. कालचा ब्लँक आजच्या उकाड्यात लागू होत नाही.

## नायट्रिक ॲसिड: इथे रिंग स्वतःच्याच जिवावर उठते

१ ग्रॅम फिनॉलमध्ये १ मिली पाणी घालून पातळ करा, नळी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि २० टक्के नायट्रिक ॲसिडचे ५ मिली थेंबथेंब, हलवत टाका. तापमान २० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. द्रावण तांबूस, मग काळपट होतं आणि तळाला गडद तेल बसतं. त्यात ऑर्थो आणि पॅरा-नायट्रोफिनॉल असतं, आणि बरंचसं डांबर.

बेंझीनचं नायट्रेशन करायला तीव्र नायट्रिक आणि तीव्र सल्फ्युरिक दोन्ही लागतात, नायट्रोनियम आयन NO₂⁺ बनवण्यासाठी. २० टक्क्यांच्या ॲसिडमध्ये तो जवळजवळ नसतोच. मग इथे काम कोण करतं? नायट्रिक ॲसिडमध्ये थोडं नायट्रस ॲसिड नेहमी असतं आणि त्यातून NO⁺ मिळतो. तो एवढा दुबळा आहे की बेंझीन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. फिनॉलची रिंग त्यालाही पकडते, आधी नायट्रोसोफिनॉल होतं, आणि नायट्रिक ॲसिड त्याचं ऑक्सिडेशन करून नायट्रोफिनॉल बनवतं. या प्रतिक्रियेत वेगळं नायट्रस ॲसिडही तयार होत जातं, म्हणून ती सुरुवातीला सुस्त आणि मग एकदम भरात येते. थेंब सावकाश टाकायचे ते त्यासाठी. सुरुवातीला काही होत नाही म्हणून सगळं एकदम ओतलं तर नळी उसळते.

डांबर कुठून येतं? ज्या रिंगकडे द्यायला एवढे इलेक्ट्रॉन आहेत तिचे इलेक्ट्रॉन ऑक्सिडायझरही तितक्याच सहज हिसकावतो. क्विनोन होतात, ते एकमेकांना जुळतात, काळं पडतं. रावेर-यावलच्या बागेतलं केळं मार लागला की काळं पडतं, तिथेही हाच व्यवहार चालतो: सालीतल्या डोपामाइनसारख्या फिनॉलवर्गीय पदार्थांचं एन्झाइमच्या मदतीने क्विनोन होतं आणि पुढे काळा रंग. नळीत हे पूर्ण टाळता येत नाही, थंड ठेवून आणि ॲसिड पातळ ठेवून कमी करता येतं.

ऑर्थो आणि पॅरा वेगळे करायला पाण्याच्या वाफेवर ऊर्ध्वपातन करा. ऑर्थोमध्ये OH चा हायड्रोजन शेजारच्याच नायट्रो गटाशी बांधला जातो, म्हणून रेणू सुटे सुटे राहतात आणि वाफेबरोबर उडतात. पॅरामध्ये एक रेणू दुसऱ्याला बांधला जातो, तो फ्लास्कमध्येच राहतो. ऑर्थो ४५ अंशांना वितळतं. जानेवारीत ते कंडेन्सरमध्येच पिवळ्या काड्यांसारखं गोठून नळी तुंबवतं, तेव्हा थंड पाणी थोडा वेळ बंद करा म्हणजे वितळून खाली येतं. मेमध्ये उलट: ते तेलासारखं पडून राहतं, ग्राहकपात्र बर्फात ठेवल्याशिवाय घट्टच होत नाही.

पुस्तकात याच्या पुढची ओळ पिक्रिक ॲसिडची असते. तीव्र नायट्रिक थेट फिनॉलवर टाकलं तर रिंगचं ऑक्सिडेशन होऊन बरंचसं वाया जातं, म्हणून आधी तीव्र सल्फ्युरिक ॲसिडने सल्फोनिक गट लावून रिंगला शांत करतात आणि मग नायट्रो गट त्यांची जागा घेतात. तीन नायट्रो गटांनी पीकेए १० वरून ०.४ च्या आसपास येतो, म्हणजे हे ‘फिनॉल’ बायकार्बोनेटलाही फसफसतं. एवढं समजून घेण्यापुरतं पुरे, करायचं काहीही नाही: पिक्रिक ॲसिड स्फोटक आहे. आपल्याकडच्या जुन्या लॅबमध्ये कपाटाच्या मागच्या कप्प्यात त्याची एखादी बाटली सापडू शकते. ती निदान ३० टक्के पाण्याने ओली ठेवलेली असायला हवी, पण खानदेशातल्या उन्हाळ्यांत ती कोरडी पडलेली असण्याचीच शक्यता जास्त. पिवळी भुकटी कोरडी दिसली किंवा बुचाच्या आट्यांत स्फटिक दिसले, तर बूच फिरवू नका, बाटली हलवू नका, खोली बंद करा आणि प्राचार्यांमार्फत पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवा.